लिफ्ट बंद, क्रियापद चालू

फ्रान्समधल्या लिओं शहरातील आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली, तेव्हा व्यवस्थापकांना फ्रेंचमध्ये तक्रारीचे पत्र लिहिण्याची जबाबदारी पाचव्या मजल्यावर राहणारा म्हणून माझ्याकडे आली. मजकूर पाठवण्यापूर्वी एकदा नजरेखालून घालावा, या निरागस हेतूने मी तो चौथ्या मजल्यावरच्या मादामना दाखवला. त्या निवृत्त शिक्षिका आहेत, ही गोष्ट मला ठाऊक होती. लाल पेन्सिल अजून निवृत्त झालेली नाही, हे मात्र ठाऊक नव्हते.

पहिल्याच वाक्यात ‘बहुतेक रहिवासी वयस्कर आहेत’ असे म्हणायचे होते. ‘बहुतेक’साठीच्या ‘ला प्ल्युपार’ या शब्दप्रयोगात एकवचनी स्त्रीलिंगी ‘ला’ धडधडीत दिसत असल्यामुळे मी क्रियापद एकवचनी ठेवले: ‘ए’. मादामनी ते खोडून अनेकवचनी ‘सों’ केले. त्यांचे म्हणणे असे की, ‘ला प्ल्युपार’ हा नुसता पुढे चालणारा भालदार आहे. क्रियापद मागून येणाऱ्या रहिवाशांचे ऐकते आणि रहिवासी शब्दात लिहिलेच नसले, तरी ते अनेकवचनच राहते. मग मी हुशारीने ‘ला माझोरिते’ म्हणजे ‘बहुसंख्या’ हा शब्द सुचवला. तिथे दोन्ही चालते, पण निवडीची किंमत मोजावी लागते. एकवचन घेतले, तर क्रियापद बहुसंख्येशी जुळते आणि बहुसंख्या स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘वयस्कर’ या विशेषणाला एक जादा ‘ई’ लागून आमच्या मिशाळ आजोबांसकट सगळी इमारत कागदावर स्त्रीलिंगी होते. ते ‘ई’ ऐकू येत नाही, एवढीच काय ती आजोबांची सुटका. फ्रेंचमधले असे निम्मे अपराध कानाला कळतच नाहीत. नेहमीच्या क्रियापदांचे अनेकवचन शेवटच्या तीन मुक्या अक्षरांत लपलेले असते, म्हणून बोलताना मी वर्षानुवर्षे निर्दोष ठरलो आणि लिहायला बसल्याबरोबर पकडला गेलो.

दुसऱ्या वाक्यात ‘एकाहून अधिक भाडेकरू लिफ्टमध्ये अडकले’ हे गाऱ्हाणे होते. एकाहून अधिक म्हणजे किमान दोन, हा हिशेब मराठी शाळेत पक्का झालेला असल्याने मी न डगमगता ‘सों’ लिहिले. लाल पेन्सिलीने त्याचे ‘ए’ केले. ‘प्ल्यू दँ’, म्हणजे ‘एकाहून अधिक’, यामध्ये ‘अँ’, म्हणजे ‘एक’, हा शब्द आहे, म्हणून क्रियापद एकवचनी. मग पुढचे वाक्य तपासताना त्यांनी उलट घाव घातला. मागच्या दुरुस्तीला दोन आठवडेही झालेले नाहीत, हे सांगताना मी दोनाहून कमी म्हणून एकवचन वापरले होते. तिथे ‘दोन’ शब्द दिसतो, म्हणून अनेकवचन. म्हणजे दोघे अडकले तर एकवचन आणि दीड आठवडा गेला तर अनेकवचन! हे गणित नाही, हे शेजारच्या शब्दाकडे पाहून ठरवणे आहे, असे मादाम शांतपणे म्हणाल्या. अपवाद एकच महत्त्वाचा: अडकलेले भाडेकरू एकमेकांशी भांडू लागले, तर मात्र अनेकवचन, कारण एकट्याने एकमेकांशी भांडता येत नाही. आमच्या इमारतीत हा अपवाद वरचेवर लागू पडतो.

तिसऱ्या वाक्यात मात्र मराठीने मला हात दिला. ‘उत्तराविना राहिलेल्या पत्रांपैकी हे एक पत्र आहे’ असे लिहायचे होते. फ्रेंचमधला ‘की’ हा संबंधी शब्द एकालाही ‘की’ आणि शंभरांनाही ‘की’. त्याच्या तोंडावरून संख्या कळत नाही. मी वाक्य मनात मराठीत मांडले: ‘जी पत्रे उत्तराविना राहिली, त्यांपैकी हे एक.’ मराठीत ‘जी पत्रे’ आणि ‘राहिली’ ही दोन्ही अनेकवचने उघड बोलून दाखवावी लागतात, म्हणून मी बेधडक ‘सों’ लिहिले आणि पेन्सिल पहिल्यांदा जागची हलली नाही. पुढे ‘माझ्या एका शेजाऱ्याने मला जिन्याची किल्ली दिली’ या वाक्यातही ‘शेजाऱ्यांपैकी एक’ असाच साचा होता, पण किल्ली देणारा एकटाच होता, सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून ती दिली नव्हती. तिथे एकवचन ‘आ’. मराठीत उलटवून ‘ज्याने’ येते की ‘ज्यांनी’, एवढे पाहिले की बहुतेक वेळा निकाल लागतो.

पत्र गेले. तीन आठवड्यांनी उत्तर आले: काम सुरू करण्यापूर्वी एकाहून अधिक कंत्राटदारांचे दरपत्रक मागवणे आवश्यक आहे. मादामनी ते चौथ्या मजल्याच्या कठड्याला टेकून, धाप ओसरेपर्यंत थांबून, दोनदा वाचले. ‘प्ल्यू दँ’पुढे एकवचन होते. ‘निर्दोष पत्र,’ त्या म्हणाल्या आणि किल्ली शोधू लागल्या. मी आणखी एक मजला चढायला सुरुवात केली.