अंतरपाट कुणी धरायचा?

फोटोग्राफर भाऊ, रामराम.

अल्बमचा नमुना पोचला. मुलीच्या बापानं बिल चुकतं केल्यावर तक्रार करू नये अशी आपल्या अमळनेरात रीत असेल, तर ती मी मोडतो आहे. DSC_4127 हा मंगलाष्टकांचा फोटो पाहा. डावीकडे नवरी, उजवीकडे नवरदेव आणि बरोबर मधोमध, पोपटी शर्टात, काळा गॉगल लावून, आमचे सुरतवाले मेहुणे. नवरदेवाच्या डोक्यावर पाटी, 'हात धुण्याची जागा', आणि तिचा बाण थेट त्याच्या फेट्यात!

दोन्ही काढा, असं मी फोनवर म्हणालो. तुम्ही म्हणालात, "काढतो." पण काढलंत काय, तर मेहुणे. त्यांची बोटं तशीच राहिली! भटजी "धरा हो कुणीतरी" म्हणाले, तेव्हा पलीकडचं टोक मेहुण्यांनीच धरलं होतं. आता पाच बोटं आणि एक घड्याळ हवेत अंतरपाट धरून आहेत. शिवाय त्यांच्या पोपटी शर्टापुढून उडणाऱ्या अक्षताही त्यांच्याबरोबर गेल्या. दोन्ही बाजूंना तांदळाचा पाऊस आणि मधे माणसाच्या आकाराचा दुष्काळ.

मधलं माणूस कापून टाकता येत नाही, हे मलाही कळतं. म्हणून सांगतो, थोडं आधीचे फोटो उघडा. तेव्हा ते टोक भटजींच्या मदतनिसाच्या हातात होतं आणि तुम्ही त्याच जागी उभे होतात. तो मदतनीस अंतरपाटासकट उचलून इथे बसवा, अक्षता वरून वेगळ्या टाका. पाटीमागे पडद्याच्या चुण्या आहेत, त्या शेजारून घ्या. पण एकच झेंडूचा गुच्छ चार वेळा छापू नका, डोळा लगेच पकडतो. आणि मुंडावळ्यांच्या मण्यांमधून पाटीची लाल अक्षरं डोकावतात, ती फोटो मोठा करून हातानेच पुसावी लागतील. त्याचे वेगळे पैसे मागितलेत, ते मात्र जिव्हारी लागलं. हातभर बाजूला सरकला असतात, तर पाटी खांबामागे गेली असती. सरकायला पैसे पडतात का? आम्हाला "हसा, हसा" म्हणत होतात, तेव्हा तुमचा डोळा कुठे होता?

हे लिहीत असतानाच मेहुण्यांचा सुरतेहून फोन.

"अल्बम व्हई गया का?"

"होतोय."

"मना फोटो मोठा टाका बरं! अंतरपाट मीच धरेल व्हता."

"हो, दाजी."

"गॉगलमा कसा दिसस मी?"

"स्पष्ट दिसता."

"मंग बारा प्रती काढा. आठे समदासले दाखाडनं शे."

तेव्हा भाऊ, असं करा. आमच्या अल्बमात मदतनीस. मेहुण्यांचा फोटो वेगळा, जसा आहे तसा, बारा प्रती. त्यातली पाटीही काढू नका. आणि बिल सुरतेला पाठवा.