टोटल दोनशेच्या आत, तरीही…

सोसायटीच्या ग्रुपवर फिरलेला मेसेज: ‘टोटल कोलेस्टेरॉल २०० च्या आत असेल तर निवांत राहा. एलडीएल लॅबवाले मोजतच नाहीत, नुसता हिशेब करून छापतात. आणि चहा पिऊन रक्त दिलं असेल तर तो रिपोर्ट सरळ फेकून द्या.’

मंडळी, टोटल ही बेरीज आहे आणि त्या बेरजेत ‘चांगलं’ म्हणवलं जाणारं एचडीएलही धरलेलं असतं. नमुन्याचे दोन रिपोर्ट घेऊ. एका काकांचं टोटल १८८, एचडीएल ३२, ट्रायग्लिसराइड २४०. एका काकूंचं टोटल २०४, एचडीएल ७०, ट्रायग्लिसराइड ८०. मेसेजप्रमाणे काका पास, काकू नापास.

आता टोटलमधून एचडीएल वजा करा. काकांचे उरले १५६, काकूंचे १३४. याला नॉन-एचडीएल म्हणतात. रक्तवाहिन्यांत साचू शकणारं सगळं कोलेस्टेरॉल यात येतं. ते साधारण १३० च्या आत असावं. काकू जरा वर आहेत, काका बरेच वर. काकांचं टोटल दोनशेच्या आत दिसतं ते त्यांचं एचडीएल कमी आहे म्हणून, आणि ही काही चांगली बातमी नव्हे. पोट सुटलेल्या आपल्या लोकांत एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराइड जास्त, ही जोडी फार दिसते.

हिशेबाचं म्हणणं बऱ्याचदा खरं असतं, हे मान्य. पुष्कळ लॅब ट्रायग्लिसराइडला पाचाने भागून व्हीएलडीएल काढतात आणि टोटलमधून एचडीएल व व्हीएलडीएल वजा करून एलडीएल छापतात. घरी ताडून पाहा: व्हीएलडीएल बरोबर पाचवा हिस्सा निघालं आणि वजाबाकीही जुळली, तर तुमचं एलडीएल हिशेबाचं. काकांचं येतं १०८, काकूंचं ११८. म्हणजे इथेही काकाच बरे वाटतात! पण हिशेबाचा म्हणून आकडा खोटा ठरत नाही, त्याला मर्यादा आहे एवढंच. ट्रायग्लिसराइड वाढत जातं तसं हे सूत्र एलडीएल कमी दाखवू लागतं, आणि ४०० च्या पुढे ते वापरायचंच नसतं. तिथे थेट मोजलेलं एलडीएल लागतं. म्हणून काकांच्या रिपोर्टवर मी आधी नॉन-एचडीएल बघेन. ती साधी वजाबाकी आहे, त्यात पाचाचा भागाकार नाही.

चहाचं म्हणाल तर टोटल आणि एचडीएल खाण्याने फारसं हलत नाही, त्यामुळे नॉन-एचडीएलही नाही. वाढतं ते ट्रायग्लिसराइड. चहा-बिस्किटानंतर ते १८० आलं तर रिपोर्ट ठेवा, फेकू नका. ४०० च्या वर आलं तर मात्र रात्रभर उपाशी राहून पुन्हा तपासा.

१३० ची रेघ सर्वांना सारखी नाही. मधुमेह असेल किंवा आधी हार्ट अटॅक येऊन गेला असेल, तर डॉक्टर ती आणखी खाली ओढतात. अशांनी हा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी दोन्ही त्यांच्यापुढे ठेवावी.