शेतकरी टू-बीत दिसत नाही

कर खात्याची नोटीस हल्ली पोस्टमन आणत नाही. ती जीएसटीच्या पोर्टलवर ‘अ‍ॅडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ नावाच्या कोपऱ्यात गुपचूप येऊन बसते आणि आपली वाट बघते. आल्याचा मेसेज येतो, नाही असं नाही. पण तो नोंदणीच्या वेळी दिलेल्या मोबाईलवर येतो, आणि नोंदणीच्या वेळी मोबाईल होता तो भाच्याचा. भाचा आता म्हापशाला मोबाईलच्याच दुकानात आहे. मेसेज वाचून त्याला वाटलं, कुणीतरी लोन देतंय. चतुर्थीला घरी आला तेव्हा माटोळी बांधता बांधता म्हणाला, “मामा, तुमका जीएसटीवाल्यांनी कसलं तरी एएसएमटी-१० दिलंय.” माझ्या हातातली सुपारीची पेंड खाली पडली.

माझा सत्तरीत काजूचा छोटा कारखाना आहे. शेतकऱ्यांकडून बी घ्यायची, वाळवायची, भाजायची, फोडायची, सोलायची आणि गर विकायचा. एएसएमटी-१० म्हणजे विवरणपत्रांच्या छाननीत तफावत सापडली, तिचा खुलासा करा, असं सांगणारी नोटीस. खुलाशाला तीस दिवस. त्यातले बरेच भाच्याच्या खिशात गेले होते.

नोटिशीत भाषा एवढी थोडी होती की घाबरायला पुरेशी जागा मिळत होती. २०२२-२३ या वर्षात तुम्ही थ्री-बी विवरणपत्रात ३,४१,५०० रुपयांचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेतलं. तुमच्या पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून तयार झालेल्या टू-बीत मात्र १,८७,२०० रुपयेच दिसतात. फरक १,५४,३००. खुलासा करा, नाही तर पुढची कारवाई.

मी त्याच रात्री खुलासा लिहायला बसलो. शाळेत मराठीला माझे चांगले मार्क असायचे. ‘आमचे कै. आजोबा पोर्तुगीज अमदानीत डोक्यावरून काजू वाहत’ अशी सुरुवात झाली आणि पहाटे कोंबडा आरवला तेव्हा मी गोवामुक्तीपर्यंत आलो होतो. बायकोनं वाचलं. म्हणाली, “छान झालंय. पण दीड लाखाचं काय ते कुठं आहे?”

सीए बाई फोंड्याला बसतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्यांनी माझा खुलासा पहिल्या परिच्छेदापर्यंत वाचला, आदरानं घडी घालून परत दिला आणि एक कोरा कागद ओढला. “काका, खात्याला गोष्ट नको, आकडा हवा. वर १,५४,३०० लिहायचे, खाली कारणं लिहायची, आणि कारणांची बेरीज रुपयाला रुपया तेवढीच आली पाहिजे. एक रुपया जरी उरला तरी पुढचं पत्र त्या रुपयाबद्दल येतं.”

तर आधी मोठा तुकडा. आमच्याकडे बी विकायला येतो तो शेतकरी. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिळून हुर्राकची दारू लावायची, बी काढून कारखान्यात आणायची, असा त्याचा दिवस. त्याला जीएसटी क्रमांक नाही, लागतही नाही. पण न सोललेल्या काजूवर पाच टक्के कर आहे, आणि शेतकऱ्यानं तो नोंदणीकृत माणसाला विकला तर कर भरायचा घेणाऱ्यानं. २८ जून २०१७ च्या अधिसूचनेत या उलट्या कराच्या मालांची जी यादी आहे, तिच्यात पहिलं नाव काजूचंच. काजूला पहिलं स्थान मिळालेलं मला ठाऊक असलेलं हे एकमेव ठिकाण. हा कर क्रेडिटमधून वळता करता येत नाही, रोखच भरावा लागतो. भरला, की त्याच महिन्यात तेवढंच क्रेडिट आपल्याला मिळतं. म्हणजे सरकार एका हातानं घेतं आणि दुसऱ्या हातानं देतं.

आता गंमत बघा. टू-बी बनते ती पुरवठादारांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून. माझा पुरवठादार विवरणपत्र काय भरणार, तो वेळूस नाहीतर केरीच्या भाटात, म्हणजे बागेत, बोंडू तुडवतोय. त्यामुळे शेतकऱ्याकडून घेतलेल्या मालाचं क्रेडिट टू-बीत कधीच दिसत नाही, आणि दिसूही शकत नाही. कॉम्प्युटरनं मात्र माझं सगळं क्रेडिट एका बाजूला टाकलं, टू-बी दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी करून मोकळा झाला.

“मग हे सांगायला एक ओळ पुरे,” मी म्हटलं.

“ओळ पुरे. पण तिच्यामागे परिशिष्ट ‘अ’ पाहिजे.”

परिशिष्ट ‘अ’ म्हणजे महिनावार तक्ता. किती बी घेतली, पाच टक्क्यानं कर किती झाला, थ्री-बीच्या ३.१ तक्त्यातल्या ‘डी’ ओळीत तो किती दाखवला, रोख कधी भरला, आणि ४-ए च्या तिसऱ्या ओळीत क्रेडिट किती घेतलं. ‘डी’मध्ये भरलेलं आणि ४-ए-३ मध्ये घेतलेलं जुळलं की अधिकाऱ्याला आपोआप दिसतं, पैसे आधी सरकारात गेले, मग क्रेडिट आलं. एप्रिलला १२,४०,००० ची खरेदी, कर ६२,०००. मे महिन्यात ५,६०,०००, कर २८,०००. मग थेट मार्च २०२३ मध्ये ८,००,०००, कर ४०,०००. एकूण १,३०,०००. मधले महिने कोरे, कारण पावसात काजू कोण वेचतो? ज्यानं आर्थिक वर्ष ३१ मार्चला तोडलं त्यानं काजूची बाग बघितलेली नसणार. आमचा हंगाम ऐन भरात असतो तेव्हा तो वर्षाचे दोन तुकडे करतो, आणि अर्धा हंगाम एका वहीत, अर्धा दुसऱ्या.

तक्ता सोपा. त्याच्या मागचे कागद काढताना मात्र घाम फुटला. शेतकरी बिल देत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मीच मला बिल द्यायचं. याला सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. पैसे दिले की पेमेंट व्हाउचरही मीच बनवायचं. बिल देणारा मी, घेणारा मी, कर भरणारा मी. भांडायला समोर कुणी नाही. इन्व्हॉइस कॉम्प्युटरवर होते, पण व्हाउचर काट्याजवळ हातानं लिहिलेली. काट्याजवळ म्हणजे सोलणाऱ्या बायकांच्या शेजारी. काजूच्या टरफलाचा चीक एकदा कागदाला लागला की काळा डाग जन्मभर राहतो. कुणाचा डाग नावावर, कुणाचा नेमका किलोवर. एका व्हाउचरवर १७० आहे की ११० आहे यावर मी आणि बायको संध्याकाळभर भांडलो. शेवटी बँकेचं स्टेटमेंट काढलं, रक्कम बघितली, त्या दिवसाच्या दरानं भागली, आणि १७० निघाले. बायको बरोबर होती. नावांचं तर विचारू नका. बायकोनं हंगामात घाईनं ‘वयल्या घरचो’, ‘दाढीवालो’ असं लिहिलेलं. दाढीवालो कोण हे शोधायला मला गावात जावं लागलं, आणि तोपर्यंत त्यानं दाढी काढली होती.

दुसरा तुकडा छोटा पण सुंदर. बेळगावहून टिनचे डबे मागवले होते, ९०,००० चे, अठरा टक्क्यानं कर १६,२००. बिलाची तारीख ३१ मार्च २०२२, डब्याचा ट्रक चोर्ला घाट उतरून पोचला ४ एप्रिलला. माल हातात आल्याशिवाय क्रेडिट घेता येत नाही, म्हणून आम्ही ते एप्रिलमध्ये घेतलं. पुरवठादारानं मात्र बिल मार्चच्या विवरणपत्रात वेळेत दाखवलं, त्यामुळे ते मार्चच्या टू-बीत, म्हणजे आदल्या वर्षात जाऊन बसलं. क्रेडिट खरं, टू-बीही खरी, फक्त दोघांची वर्षं वेगळी. परिशिष्ट ‘ब’त आदल्या मार्चच्या टू-बीतली ती ओळ, बिल, ई-वे बिल आणि माल उतरवून घेतल्याची तारीख असलेलं चलन. मागच्या वर्षी हे क्रेडिट घेतलेलं नाही हे दाखवायला मागच्या मार्चची थ्री-बीही लावली. सीए बाईंच्या मते हाच कागद लोक विसरतात, आणि मग अधिकारी रास्तपणे विचारतो की दोन्ही वर्षांत घेतलं नाही कशावरून.

उरले ८,१००. हे आमच्याच राज्यातल्या एका पॅकिंगवाल्याच्या ४५,००० च्या बिलाचे. बिलावर माझा क्रमांक बरोबर, माल मिळाला, पैसे पोचले; पण टू-बीत कुठल्याच महिन्यात पत्ता नाही. जीएसटी क्रमांकाचं शेवटचं अक्षर तपासणीचं असतं, त्यामुळे टाईप करताना एखादं अक्षर चुकलं तर पोर्टल बहुधा लगेच नाकारतं. तेव्हा चूक टायपिंगची नसणार. त्याच्या सॉफ्टवेअरच्या यादीत आमच्याशी मिळतंजुळतं नाव असलेलं दुसरं गिऱ्हाईक होतं, आणि विवरणपत्रात नेमकं तेच निवडलं गेलं. माझे आठ हजार शंभर कुणा तिसऱ्याच्या टू-बीत आरामात बसले होते.

“त्यांना सांगा दुरुस्त करायला,” मी म्हटलं.

“काका, २०२२-२३ ची दुरुस्ती ३० नोव्हेंबर २०२३ पर्यंतच होती.”

मी पुरवठादाराचं सर्टिफिकेट देतो म्हटलं, कारण शेजारच्या दुकानदारानं दिलं होतं आणि चाललं होतं. सीए बाईंनी मान हलवली. सर्टिफिकेटची ती सवलत जुन्या वर्षांसाठी. १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच बसवलंय की टू-बीत नसलेल्या बिलाचं क्रेडिट नाही. माझी बाजू कितीही न्याय्य असली तरी इथे भांडण्यात अर्थ नव्हता. आपणहून कर भरायच्या डीआरसी-०३ फॉर्मनं ते ८,१०० भरून टाकले. व्याज अठरा टक्के. पण ते क्रेडिट घेतलं तेव्हापासून नव्हे, वापरलं तेव्हापासून. वापरलं की नाही हे क्रेडिट लेजर सांगतो: शिल्लक जोवर ८,१०० च्या खाली जात नाही, तोवर ते पैसे पडूनच होते असं धरतात. आमची शिल्लक हंगामानंतर फुगलेली होती, दिवाळीचा माल गेला तेव्हा तळाला गेली. व्याज तिथून. परिशिष्ट ‘क’ म्हणजे तो लेजर, व्याजाचा हिशोब आणि चलन.

१,३०,००० अधिक १६,२०० अधिक ८,१००. बेरीज १,५४,३००. बाईंनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवून दाखवला. दहावीचा निकाल लागला तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं.

उत्तर एएसएमटी-११ मध्ये गेलं, दीड पानाचं. आजोबा त्यात नाहीत. व्हाउचर स्कॅन करून जोडताना फाईलचा आकार मर्यादेबाहेर गेला. भाच्यानं रंगीत स्कॅनचे काळेपांढरे केले, तर चिकाचे डाग आणि अंगठ्यांचे ठसे एकसारखेच दिसायला लागले. शेवटी पाच मोठ्या खरेद्यांचे नमुने रंगीत लावले, बाकीचे ‘मागितल्यास सादर करू’ असं लिहिलं.

अधिकाऱ्यानं एकदा बोलावलं. तक्त्यावरून बोट फिरवत ‘डी’ ओळ आणि ४-ए-३ जुळवली, मान डोलावली आणि विचारलं, “यंदा बियेला काय दर लागलाय?” मी सांगितला. “आमच्या भाटात पण आहे थोडी,” ते म्हणाले. मग एएसएमटी-१२ आलं: खुलासा मान्य.

पॅकिंगवाल्याकडे मी माझे ८,१०० आणि व्याज मागितलं. तो म्हणाला, रोख नको, पिशव्या घ्या. घेतल्या. बिल त्यानं समोरच बनवलं, आणि यादीतून नाव निवडताना मी त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. तिसऱ्याच नावावर त्याचा बाण गेला तेव्हा मी माउस हातात घेतला.