लाल गोळ्या, हिरवा ठिपका आणि कार्मिन : एका प्रतिक्रियेला उत्तर

«सर, तुमचा लेख वाचून आमच्या घरी वाद झाला. खाण्यात किडे घालतात ही व्हॉट्सॲपवरची अफवा आहे, शिकल्यासवरल्या माणसाने ती पसरवू नये. नातवाच्या लाल गोळ्यांचं पाकीट पाहिलं, त्यावर हिरवा ठिपका आहे आणि रंगात ‘कार्मोइसिन’ लिहिलं आहे. म्हणजे हे कार्मिनच ना? मग ठिपका खोटा की तुमचा लेख खोटा? आमच्या घरी सगळे माळकरी आहेत, म्हणून विचारतो.»

भाऊ, मागच्या लेखात मी लिहिले होते की कार्मिन नावाचा लाल रंग किड्यापासून काढतात आणि तो काही खाद्यपदार्थांत घालतात. त्यावरच्या तुमच्या प्रश्नांपैकी नातवाच्या गोळ्यांचे आधी सांगतो. कार्मोइसिन हा कारखान्यात रसायनांपासून बनवलेला कृत्रिम रंग आहे, घटकांच्या यादीत छापला जाणारा त्याचा क्रमांक १२२ असून त्याचा कोणत्याही किड्याशी संबंध नाही. कार्मिनचा क्रमांक १२०. नावे सारखी वाटतात, पण पदार्थ अगदी वेगळे आहेत, म्हणून या रंगामुळे पाकिटावरचा हिरवा ठिपका खोटा ठरत नाही. लहान मुलांना कृत्रिम रंग किती द्यावेत हा प्रश्न मात्र उरतोच. तो स्वतंत्र विषय आहे.

आता कार्मिनकडे वळतो, कारण ती अफवा नव्हे. नागफणीच्या जातीच्या निवडुंगावर कोचिनिअल नावाचा एक रसशोषक किडा जगतो. आपल्याकडे कापसावर जो पिठ्या ढेकूण येतो, त्याच्याच गोतातला हा आहे. मादी पाच मिलिमीटरच्या आसपास असते, तिला पंख नसतात आणि ती निवडुंगाच्या फड्याला चिकटून स्वतःवर पांढऱ्या मेणचट कापसाचे आवरण घालून बसते. हे आवरण बोटाने पुसून ती चिरडली, तर बोट गडद लाल होते. तो लाल पदार्थ म्हणजे कार्मिनिक आम्ल. मुंग्यांसारख्या शत्रूंना दूर ठेवण्यासाठी किडा ते आपल्या अंगात तयार करतो. या किड्याचे सर्वांत मोठे उत्पादन पेरू देशात होते. तिथे माद्या फड्यांवरून ब्रशने झाडून गोळा करतात, गरम पाण्याने किंवा वाफेने मारतात आणि उन्हात वाळवतात. वाळलेल्या एक किलो मालात साधारण दीड लाख किडे भरतात आणि त्याच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास कार्मिनिक आम्ल असते. माल दळून पाण्यात उकळतात, मग त्यात तुरटीसारखे अॅल्युमिनियमचे क्षार आणि चुन्याचे क्षार घालतात. रंग तळाशी बसतो, तो गाळून वाळवला की कार्मिन मिळते. म्हणजे पाकिटात किडा दिसणार नाही, पण रंग किड्याच्या अंगातूनच आलेला असतो.

हा किडा आपल्या देशात आणण्याची खटपट दोनशे वर्षांपूर्वीच झाली होती. या रंगाच्या व्यापारातली स्पेनची मक्तेदारी मोडावी या हेतूने ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९५ साली, ब्राझीलहून कोलकात्याला कोचिनिअल आणला गेला. पण ती जात निकृष्ट निघाली, तिच्यातून रंग फारसा मिळेना आणि उलट तिने निवडुंगाचा फडशा पाडला. ‘भारतात असा किडा कुठला?’ असे कोणी म्हटले, तर एवढे सांगता येईल.

तरीही तुमच्या आठवडी बाजारातल्या गुलाबी गोळ्यांत, बर्फगोळ्याच्या पाकात किंवा जत्रेतल्या ‘बुढी के बाल’मध्ये कार्मिन असण्याची शक्यता मला जवळजवळ नाही असेच वाटते, आणि याचे कारण पैसा आहे. इतके किडे गोळा करून काढलेला रंग महाग पडतो, तर १२२ आणि १२४ हे कृत्रिम लाल रंग स्वस्त मिळतात. रुपयाच्या गोळीत कोणी महागडा रंग घालणार नाही. कार्मिन प्रामुख्याने अशा ठिकाणी सापडते, जिथे उत्पादकाला ‘नैसर्गिक रंग’ म्हणून सांगायचे असते आणि रंग उष्णतेने व उजेडाने उडू नये अशी अपेक्षा असते. आयात केलेले स्ट्रॉबेरीचे दही, केकवरची गुलाबी सजावट, जेली, काही मांसजन्य पदार्थ आणि लिपस्टिक ही त्याची नेहमीची ठिकाणे. बीटचा रंग शिजवताना फिका पडतो, कार्मिन टिकते. म्हणूनच त्याला गिऱ्हाईक आहे.

एक उदाहरण घ्या. आखाती देशातून आलेल्या नातेवाईकाने गुलाबी वेफर बिस्किटे आणली आहेत. घटकांच्या यादीत ‘रंग’ या शब्दाच्या पुढे पाहायचे. तिथे इंग्रजी ई अक्षर आणि १२० असेल, किंवा कार्मिन, कोचिनिअल, ‘नॅचरल रेड ४’ यांपैकी काही असेल, तर रंग किड्याचाच. १६२ असेल तर बीट, १६३ असेल तर द्राक्ष-जांभळासारख्या फळांचा रंग. भारतीय पाकिटावर ई ऐवजी आयएनएस लिहिलेले असते, क्रमांक तोच राहतो. एक सापळा असा की ‘इंडिगो कार्मिन’ हा शब्द दिसला तर घाबरू नये, तो १३२ क्रमांकाचा कृत्रिम निळा रंग आहे. लिपस्टिकवर मात्र क्रमांक वेगळा छापतात, तिथे ‘सीआय ७५४७०’ शोधावा.

ठिपक्याबद्दल तुमचा प्रश्न मला खरे तर यापेक्षा रंजक वाटला. आपल्या कायद्यात प्राण्यापासून मिळालेला पदार्थ मांसाहारी धरला जातो, पण दूध, मध, मधमाशीचे मेण आणि शेलॅक यांना त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. हे शेलॅक म्हणजे आपली लाख. गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर आणि कुसुमावर जी लाख धरतात, तीही किड्यानेच स्रवलेली. चकचकीत गोळ्यांवर व चॉकलेटवर तिचा थर ९०४ क्रमांकाने लागतो आणि पाकिटावर हिरवा ठिपका राहतो. म्हणजे किड्याचा पदार्थ हिरव्या ठिपक्याखाली येतो तो अपवाद म्हणून. कार्मिनचा उल्लेख या अपवादांत नाही, त्यामुळे १२० असलेल्या पदार्थावर हिरवा ठिपका नसावा. तिथे तपकिरी चौकटीतला तपकिरी त्रिकोण हवा. माळकऱ्याने लाखेला काय म्हणावे, हे मी ठरवणार नाही. मात्र कार्मिन नको असेल आणि लाखही नको असेल, तर फक्त ठिपका पाहून भागणार नाही, ९०४ सुद्धा शोधावा लागेल.

दोन मर्यादा सांगितल्याच पाहिजेत. काही जणांना कार्मिनमधील उरलेल्या प्रथिनांमुळे ॲलर्जी होते, क्वचित ती जीवघेणीही ठरते. अमेरिकेत याच तक्रारींवरून ५ जानेवारी २०११ पासून लेबलवर कार्मिन किंवा कोचिनिअल हे नाव छापणे सक्तीचे झाले, त्याआधी नुसते ‘रंग’ म्हटले तरी चालत असे. दुसरे, घरी लिंबू किंवा सोडा टाकून परीक्षा घेऊ नका. कार्मिनिक आम्लाचा रंग त्यांनी बदलतो हे खरे, पण फळांचे रंगही तसेच बदलतात, त्यामुळे निष्कर्ष निघत नाही. पाकिटावर ‘परवानगी असलेला नैसर्गिक रंग’ इतकेच असून क्रमांक दिलेला नसेल, तर पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर बॅच क्रमांक सांगून रंगाचा आयएनएस क्रमांक विचारावा. उत्तर मिळाले नाही तर ते पाकीट माळकऱ्याच्या घरात न नेलेले बरे.