साठ बुश आणि माझा व्हॉइस मेसेज

कुपवाड एमआयडीसीत शेड टाकून बसला असाल आणि पार्टीचा निरोप आला की "माल नापास, बिल थांबवलंय", तर आधी चिडा. रात्री साडेनऊला चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज सोडा, त्यात त्यांच्या परचेसवाल्याला दिवाळीला दिलेल्या मिठाईचाही हिशेब काढा. फक्त "या, दोघं मिळून माल तपासू" एवढं म्हणू नका. त्यात कमीपणा आहे. शिवाय वाद मिटला तर टपरीवर सांगायचं काय?

शेजारच्या शेडमधल्या आप्पांनी ही चूक केली. 25 मिलिमीटर बोअरचे 400 बुश, नगाला 210 रुपये, बिल 84,000. पार्टीने 60 नग बोअर मोठं म्हणून बाजूला काढले आणि पैसे मात्र सगळेच अडवले. आप्पांनी शांतपणे ईमेल लिहिली. वाद नसलेल्या 340 नगांचे 71,400 आत्ता सोडा. त्या 60 नगांच्या पेटीला तुमच्याच स्टोअरमध्ये दोघांच्या सहीचं सील लावू. गुरुवारी दोघांची गेज एका टेबलावर लावून बघू. तिथं नाही जमलं तर दोघांना मान्य असलेल्या एनएबीएल लॅबकडे गेज आणि नग पाठवू, निकाल दोघांनी मानायचा, ज्याचं चुकेल त्याने फी भरायची. शेवटी एक ओळ : हे सुचवताना आमचे हक्क राखून ठेवत आहोत. एक शिवी नाही हो!

गुरुवारी तोच बुश, पण पार्टीचं नो-गो आत जायचं आणि आप्पांचं जायचं नाही. आप्पांच्या बोअरला 25.021पर्यंत मुभा होती. नो-गो त्या मापाचं असतं, चांगल्या बोअरात ते शिरता कामा नये. पार्टीचं घासून बारीक झालं होतं, हे लॅबने सांगितलं. मात्र त्याच लॅबने 7 बुश खरोखर मोठे ठरवले आणि आप्पांनी ते मुकाट्याने परत घेतले. आपल्याच मालात खोट कबूल करायची, धंदा असा करतात होय? 82,530 मिळाले म्हणा.

तारखांच्या तर वाटेलाच जाऊ नका. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी तक्रार आली नाही, तर एमएसएमई कायदा माल स्वीकारला असं धरतो. म्हणजे चलनावर पोचेची तारीख-सही हवी, पुरवठ्याआधीची उद्यम नोंदणी हवी, कोण करत बसणार? आणि थकबाकीसाठी त्या कायद्याच्या परिषदेकडे गेलात तरी तिथं आधी तडजोडीलाच बसवतात. म्हणजे पुन्हा तेच टेबल!

मी या भानगडीत पडलो नाही. माझे 38,000 वर्षभर अडकलेत, पण व्हॉइस मेसेज नेमाने जातो. कालपासून मात्र एकच टिक दिसते. नेटवर्कचा घोळ असावा.