दोन स्टॅकचा क्यू, दोन क्यूंचा स्टॅक: उत्तर एकच नाही

दावा: «दोन स्टॅकचा क्यू आणि दोन क्यूंचा स्टॅक म्हणजे एकच प्रश्न उलटासुलटा. दोन्हींत घटक इकडून तिकडे ओतायचे, म्हणून दोन्हींत अमॉर्टाइज्ड O(1) लिहा. अमॉर्टाइज्ड म्हणजे सरासरी केस.»

एकच प्रश्न? स्टॅक दुसऱ्या स्टॅकमध्ये ओतला की क्रम उलटतो आणि आपल्याला तेच हवं असतं. क्यू क्यूमध्ये ओतला तर क्रम जसाच्या तसा राहतो. सगळा फरक इथून सुरू होतो.

क्यूमध्ये O(1) खरं आहे, पण एका अटीवर. नवा घटक नेहमी `s1` वर पुश होतो, बाहेर निघतो तो `s2` मधून.

```
dequeue():            # क्यू रिकामा नाही असं धरून
    if s2.empty():
        while not s1.empty():
            s2.push(s1.pop())
    return s2.pop()
```

ती अट म्हणजे हा `if`. तो गाळला तर आधी उत्तरच चुकतं, खर्चाचं नंतर बघू. 1, 2, 3 घाला, 1 काढा, मग 4 घाला. `s2` मध्ये 2 वर आणि 3 खाली असताना 4 त्यांच्या डोक्यावर ओतला, तर 2 च्या आधी 4 बाहेर पडतो.

अट पाळली तर प्रत्येक घटक `s1` मध्ये एकदा शिरतो, एकदा निघतो, आणि `s2` मध्येही तसंच; म्हणजे आयुष्यात जास्तीत जास्त 4 क्रिया. चार घटक घालून चारही काढले, तर घालायला 4, पहिल्या डीक्यूला 4 + 4 + 1 = 9 आणि उरलेल्या तिघांना 3, एकूण 16. त्या 9 चा बोजा आधीच्या एन्क्यूंनी उचललेला असतो.

स्टॅकमध्ये हा हिशोब का बसत नाही? नेहमीची पद्धत अशी: नवा घटक रिकाम्या क्यूमध्ये टाका, जुने सगळे त्याच्या मागे ओता, मग दोन्ही क्यूंची नावं अदलाबदल करा. आत k घटक असतील तर एका पुशला 2k + 1 क्रिया लागतात. चार पुशना 1 + 3 + 5 + 7 = 16, आठ पुशना 64; म्हणजे n पुशना n². इथे जुना घटक प्रत्येक नव्या पुशला पुन्हा हलतो, त्याच्या फेऱ्यांना मर्यादाच नाही. म्हणून अमॉर्टाइज्ड खर्चही O(n).

पुश स्वस्त ठेवून पॉप महाग केला तरी सुटका नाही. n घटक भरून एक पॉप, एक पुश असं आलटूनपालटून करा. प्रत्येक पॉपला शेवटचा सोडून बाकी सगळे हलवावे लागतात.

आणि सरासरी केस? ती इनपुटच्या संभाव्यतेवर उभी असते. अमॉर्टाइज्डमध्ये संभाव्यता नाहीच: रिकाम्या क्यूपासून सुरू केलेल्या m क्रियांच्या कोणत्याही क्रमाला, अगदी मुद्दाम वाईट निवडलेल्या क्रमालाही, एकूण खर्च 4m च्या वर जात नाही. एकटा डीक्यू मात्र O(n) होऊ शकतो. प्रश्नात «वर्स्ट केस» विचारलं असेल तर O(1) लिहून गुण जातात, आणि ते जायलाच हवेत.