क्रीम पॅंट मळकी का दिसते: तीन न्यूट्रल, दोन उठावाचे रंग आणि आपली धुलाई

*प्रतिक्रिया: "तुमचा लेख वाचून काळा, राखाडी आणि क्रीम हे तीन न्यूट्रल घेतले, वर मोहरी आणि डाळिंबी. कशावरही काहीही चालतं म्हणालात, तसं होत नाही. पांढऱ्या कुर्त्याखाली क्रीम पॅंट मळकी दिसते, काळ्याला काळं जुळत नाही आणि ऑफिसात 'आज पण तेच?' ऐकावं लागतं. हे परदेशी खूळ कुर्ता-ओढणीवाल्यांच्या कामाचं नाही."*

ताई, तीन न्यूट्रल म्हणजे कशाशीही मिसळून जाणारे शांत रंग आणि त्यांवर दोन उठावाचे, एवढ्यातच एकमेकांवर चालणाऱ्या मोजक्या कपड्यांचा संच करा, असं मी त्या लेखात सुचवलं होतं. सुरुवात क्रीम पॅंटपासून करू, कारण बाकीचं बरंचसं तिथूनच उलगडतं. दुकानात पांढराशुभ्र दिसणाऱ्या बहुतेक सुती कापडावर चमक आणणारं रसायन चढवलेलं असतं. ते उन्हातली अतिनील किरणं शोषतं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. दुकानातल्या एलईडी दिव्यांत अतिनील किरणं जवळपास नसतात, म्हणून तिथे पांढरा आणि क्रीम शेजारी ठेवले तरी फरक सौम्य वाटतो. बाहेर उजेडात आल्याबरोबर कुर्ता निळसर चमकतो आणि त्याच्याशी तुलना होऊन खालची पॅंट पिवळट, न धुतल्यासारखी दिसते. पॅंट स्वच्छच असते.

हे घरी पडताळता येतं. सकाळी दहा-अकराला, थेट ऊन नसलेल्या खिडकीपाशी झेरॉक्सचा कोरा कागद ठेवा. त्या कागदातही तेच चमकीचं रसायन असतं. जे कापड कागदासारखंच दिसेल ते शुभ्र गटातलं, जे पिवळट दिसेल ते क्रीम गटातलं. तीन न्यूट्रलमध्ये फिका रंग एकच हवा: शुभ्र किंवा क्रीम. तुमच्या मोहरी आणि डाळिंबीला क्रीमच शोभेल, तेव्हा पांढरा कुर्ता या संचातून बाहेर काढा आणि जीन्सवर वापरा.

फिका रंग ठरला की मधला त्याच्या मागे जातो. तुमची राखाडी निळसर झाकेची असेल, तर ती क्रीमशेजारी थंड पडते आणि क्रीमला आणखी पिवळं करते. क्रीमबरोबर मधला रंग बदामी किंवा खाकीकडे झुकणारा हवा. म्हणजे संच असा झाला: गडद काळा, मधला बदामी, फिका क्रीम. सगळं नव्याने घेऊ नका. राखाडीच्या जागी एक बदामी पॅंट आणा. राखाडी कुर्ता असेल तर तो काळ्या पॅंटवर डाळिंबी ओढणीसह छान जातो, फक्त क्रीमपासून दूर ठेवा.

आता परदेशी खुळाबद्दल. फॅशन डिझायनर डोना कॅरन यांनी 1985 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सात कपड्यांचा संच मांडला आणि तो फार गाजला. तशा संचात जॅकेट, कोट, लोकरी स्कर्ट असे कपडे असतात. ते क्वचितच धुतले जातात, त्यामुळे वर्षभर एकमेकांशी जुळलेले राहतात. आपला सुती कुर्ता एकदा घातला की धुवायला पडतो, पॅंट दोन-तीनदा घालून. रंग वेगवेगळ्या वेगाने उतरतात आणि संच विस्कटतो. तुमची तक्रार इथे अगदी रास्त आहे. रंगांची निवड आपल्याकडेही चालते, पण तिला धुलाईची जोड द्यावी लागते.

काळ्याचंच बघा. सुती काळा धुता धुता कधी तांबूस होतो, कधी हिरवट, कधी नुसता राखाडी. कोणता रंग वापरला होता त्यावर ते ठरतं. म्हणून काळ्या कुर्त्याखाली काळी पॅंट नियोजनातच धरू नका, त्या दोघांना जुळायची गरजच पडू देऊ नका. काळ्या पॅंट दोन लागतात, कारण त्याच सर्वांत जास्त वापरात येतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून घ्या आणि आलटून-पालटून घाला, म्हणजे दोन्ही सारख्याच उतरतील. उलट्या करून धुवा, सावलीत वाळवा.

क्रीमचं उलटं होतं. अनेक साबण पावडरींतही चमक आणणारं रसायन असतं, शिवाय सवयीने नीळ घातली की दहा-बारा धुण्यांत क्रीम कुर्ता पांढुरका होतो आणि क्रीम पॅंट मागे राहते. क्रीम आणि बदामी कपड्यांना नीळ नको. धुवायला लोकरीच्या कपड्यांसाठीचं सौम्य द्रावण वापरा, त्यात सहसा हे रसायन नसतं. तरी पाकिटावर वाचून घ्या.

"आज पण तेच?" याचा हिशोब करू. पॅंटचे रंग तीन. कुर्ते सात: एक क्रीम, एक बदामी, एक काळा, एक मोहरी, एक डाळिंबी आणि दोन छापील. कागदावर एकवीस जोड्या होतात. त्यातून एकाच रंगाच्या वर-खाली अशा तीन काढा. मोहरी कुर्त्याखाली बदामी पॅंटही काढा, कारण दोन्ही उबदार आणि सारख्याच गडदपणाचे, त्यामुळे गढूळ दिसतात. सतरा उरल्या. "कशावरही काहीही" याचा खरा अर्थ इतकाच: एकवीसपैकी सतरा.

पण लोकांच्या लक्षात पॅंट राहत नाही, चेहऱ्याजवळचा रंग राहतो. तुमच्याकडे उठावाचे दोन्ही रंग खाली गेले असतील आणि वर रोज काळा किंवा राखाडी येत असेल, तर तेच तेच वाटणारच. मोहरी आणि डाळिंबी पॅंटमध्ये अजिबात नको. कुर्ता आणि ओढणीतच ठेवा. एका डाळिंबी आणि एका मोहरी ओढणीने क्रीम आणि काळ्या साध्या कुर्त्यांची प्रत्येकी दोन वेगळी रूपं होतात. मोहरीने चेहरा ओढलेला दिसत असेल तर तो रंग फक्त ओढणीच्या काठात घ्या.

दोन छापील कुर्ते मात्र विचार करून निवडा, संच तेच बांधतात. प्रत्येकात किमान दोन न्यूट्रल आणि एक उठावाचा रंग हवा. जयपूरजवळच्या बगरूची पारंपरिक छपाई इथे चपखल बसते: मळखाऊ क्रीम जमीन, लोखंड आणि गुळापासून केलेला काळा, आणि लाल. विटकरीपेक्षा डाळिंबीकडे झुकणारा लाल निवडा. एक गोष्ट दुकानातच तपासा. कुर्ता सहा-सात फुटांवरून पाहा. क्रीमवरची बारीक लाल बुट्टी लांबून मिसळून गुलाबी दिसते आणि मग त्यावर डाळिंबी ओढणी जुळत नाही. बुट्टी निदान रुपयाच्या नाण्याएवढी असेल तर रंग लांबूनही आपापला राहतो.

आणि ती डाळिंबी ओढणी क्रीम कुर्त्यावर घेण्याआधी तिच्या कोपऱ्यावर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर मुंबई-कोकणातल्या घामात तो कुर्त्याच्या खांद्यांवरही उतरेल. मिठाच्या पाण्यात भिजवून हा रंग पक्का होत नाही. ती वेगळी धुवत राहा, आणि रुमाल कोरा निघेपर्यंत काळ्या कुर्त्यावरच घ्या.